सिग्नलसकट वेग

कर्वे पुतळ्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरापासून जंगली महाराज रस्त्याच्या टोकाच्या ऑफिसपर्यंत ६.२ किलोमीटर अंतर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरपासून आठवड्यातले तीन दिवस मी ते पळत जाते. सोमवारी बसने जाताना आठवडाभराचे कपडे आणि टॉवेल ऑफिसच्या कपाटात ठेवून येते. पळताना पाठीवरच्या लहान सॅकमध्ये फक्त फोन, किल्ल्या आणि पोळीभाजीचा डबा असतो.

पहिले दोन महिने मी घड्याळावर विश्वासून होते. ऑफिसच्या दारात थांबून बटण दाबलं की ते ३८ मिनिटं ४५ सेकंद असं काहीतरी दाखवायचं. किलोमीटरला सव्वासहा मिनिटं, म्हणजे ताशी ९.६ किलोमीटर. मी खूश असायचे. पण आठला घर सोडलं की ऑफिसच्या हजेरीच्या यंत्रावर ८ वाजून ४६ मिनिटं उमटायची. मधली सात-साडेसात मिनिटं कुठे गेली, हा प्रश्न मी बरेच दिवस स्वतःला विचारलाच नाही. लिफ्टला लागली असतील, असं धरून चालले होते. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि मी जिन्यानेच जाते, हे लक्षात आल्यावर मात्र हिशेब मांडायला बसले.

घड्याळात ऑटो पॉज नावाची सोय चालू होती. पाय थांबले की घड्याळही थांबतं आणि पळायला लागलं की पुन्हा सुरू होतं. मैदानात सराव करताना मध्ये पाणी प्यायला थांबणाऱ्याला ती उपयोगी आहे. ऑफिस गाठायचं असेल तर ती दिशाभूल करते, कारण सिग्नलला उभी असताना ऑफिस जवळ येत नाही पण वेळ जात असतो. मी ती सोय बंद केली. पुढच्या वीस फेऱ्यांत दारातून निघताना एकदा आणि ऑफिसच्या दारात एकदा बटण दाबायचं ठरवलं, आणि दर थांब्याला लॅपचं बटण. वीस फेऱ्यांची सरासरी ४६ मिनिटं ५ सेकंद आली. त्यांतली ७ मिनिटं २० सेकंद मी उभी होते. निव्वळ वेग ताशी ८.१ किलोमीटर. पाय जो वेग दाखवत होते त्यापेक्षा दीड किलोमीटरने कमी.

अंतर मात्र घड्याळाचं घेतलं नाही. कर्वे रस्त्यावर डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. २०२२च्या मार्चमध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हापासून या रस्त्याला आभाळ कमीच दिसतं. घड्याळाला उपग्रहांचे सिग्नल नीट मिळत नाहीत, आणि पुलाखाली मिनिटभर उभी राहिले तरी त्याच्या लेखी मी इकडून तिकडे भटकत असते. एका दिवशी त्याने ६.२ ऐवजी ६.४५ किलोमीटर दाखवले. तेवढ्यानेच वेग ताशी ८.१ वरून ८.४ होतो, तोही उभं राहून. म्हणून नकाशावर फुटपाथच्या रेषेने एकदा अंतर मोजलं आणि तेच कायम धरलं. ज्याला निव्वळ वेग काढायचा आहे त्याने ही एक गोष्ट आधी करावी: अंतर ठरलेलं, वेळ दारापासून दारापर्यंतची, मध्ये घड्याळ थांबवायचं नाही.

वहीतल्या नोंदी पाहिल्या तर ७ मिनिटं २० सेकंदांतली दोनेक मिनिटं सिग्नल नसलेल्या ठिकाणी गेली होती: गल्लीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या, शाळेची बस, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी लागलेली रिक्षांची रांग. ती रोज वेगवेगळी. उरलेली ५ मिनिटं २० सेकंद आठ सिग्नलांनी खाल्ली होती. सिग्नलामागे सरासरी चाळीस सेकंद.

हा आकडा बरोबर वाटतो का, ते कागदावर ताडून पाहता येतं. एका मोठ्या चौकात स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले. सगळ्या बाजूंचा एक फेरा १३० सेकंदांत पूर्ण होत होता. त्यातले ३० सेकंद मला रस्ता ओलांडता येत होता, १०० सेकंद नाही. मी कधीही, नेम न धरता त्या चौकात पोचत असेन, तर १३० पैकी १०० वेळा बंद सिग्नल मिळणार. बंद मिळाला की कधी पूर्ण १०० सेकंद थांबायचं, कधी दोनच, सरासरी ५०. दोन्हींचा गुणाकार केला की ३८ सेकंद येतात. माझ्या चाळीसच्या अगदी जवळ. यावरून हेही कळलं की फेरा तेवढाच राहून बंदचा काळ वाढला की थांबणं त्याच प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात वाढतं, कारण बंद मिळण्याची शक्यताही वाढते आणि मिळाल्यावरचा खोळंबाही. म्हणून लांबलचक बंदचा एकच चौक तीन छोट्या सिग्नलांइतका वेळ खातो.

इथवर मला वाटत होतं, कोडं सुटलं. पण वही पुन्हा पाहिली आणि एक विसंगती दिसली. सरासरी जुळत होती, एकेका सिग्नलचे आकडे जुळत नव्हते. नेम न धरता पोचत असते तर दर सिग्नलला कधी शून्य, कधी वीस, कधी नव्वद सेकंद अशी सरमिसळ हवी होती. पहिल्या सिग्नलला ती होती. पण तिसऱ्या सिग्नलला वीसपैकी चौदा दिवस ऐंशी ते नव्वद सेकंदांचीच नोंद होती, आणि पाचव्याला बहुतेक दिवस शून्य.

याचं कारण सापडायला एक आठवडा गेला, आणि सापडलं तेव्हा फार साधं निघालं. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला तिसऱ्या सिग्नलचा आणि त्याच्या आधीच्या सिग्नलचा फेरा सारखाच होता, १२० सेकंदांचा. आधीच्याला अलीकडचा आणि तिसऱ्याला पलीकडचा म्हणते. दोघांमध्ये ७०० मीटर. अलीकडच्याला मी जवळजवळ रोज थांबलेली असते, म्हणजे तो उघडला त्या क्षणी निघते. तिथून पुढे सव्वासहाच्या गतीने ७०० मीटरला २६२ सेकंद लागतात. रोज तेवढेच, कारण मी तशी सवयीने पळते. म्हणजे पलीकडच्या सिग्नलच्या फेऱ्यातल्या ठराविक सेकंदालाच मी रोज पोचते. तिथे नशिबाचा प्रश्नच उरत नाही. घरून कधीही निघा, पहिल्या बंद सिग्नलने माझं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळवून टाकलेलं असतं.

तो पलीकडचा सिग्नल अलीकडचा उघडल्यानंतर ११० सेकंदांनी उघडायचा, मग २३०व्या सेकंदाला, मग ३५०व्या. दर वेळी पंचवीस सेकंद उघडा. म्हणजे २३० ते २५५ या दरम्यान पोचले तर पार. मी पोचत होते २६२ला. सात सेकंदांनी चुकत होते, आणि पुढे ८८ सेकंद उभी राहत होते. वीसपैकी चौदा दिवस.

हे लक्षात आल्यावर त्या ७०० मीटरचा विचारच बदलला. २५५व्या सेकंदाच्या आत पोचायला किलोमीटरला ६ मिनिटं ४ सेकंदांची गती पुरते, म्हणजे माझ्या नेहमीपेक्षा किलोमीटरमागे फक्त अकरा सेकंद जलद. त्याच्या बदल्यात पंचाण्णव सेकंद वाचतात. आणि ते जमणार नसेल तर घाई करण्यात काहीच अर्थ नाही, कारण पुढची संधी ३५०ला आहे. ३५०ला पोचायला किलोमीटरला ८ मिनिटं २० सेकंदांची गती चालते. ती जवळजवळ रमतगमत पळण्याची गती आहे. ६ मिनिटं ५ सेकंदांपासून ८ मिनिटं २० सेकंदांपर्यंत कुठल्याही गतीने पळा, त्या चौकातून तुम्ही एकाच क्षणी बाहेर पडता. मी दोन महिने त्या पट्ट्यात दम लागेपर्यंत पळत होते आणि त्यातून मिळत होतं ते चौकात उभं राहून घाम पुसणं.

याच्या आधी मी एक प्रयोग करून चुकले होते आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. डिसेंबरमध्ये एक पंधरवडा मी सगळं अंतर ५ मिनिटं ५० सेकंदांच्या गतीने पळायचं ठरवलं. कागदावर २ मिनिटं ३५ सेकंद वाचायला हवे होते. प्रत्यक्षात काही दिवस वीस-बावीस सेकंदच वाचले, आणि काही दिवस दोन-अडीच मिनिटं. मधलं काही नाही. आता कारण कळलं. शेवटच्या सिग्नलपासून ऑफिसपर्यंत ९०० मीटर राहतात. तिथे जलद पळून वाचतात ते २२ सेकंद नक्की माझे. त्याच्या आधी जे काही वाचवलं ते शेवटच्या सिग्नलने एकतर पूर्ण गिळलं, नाहीतर अख्खा फेराभर आधी सोडून दिलं.

एका चौकातल्या वाहतूक हवालदारांशी तोवर ओळख झाली होती. एकदा पावणेनऊला निघाले होते, तेव्हा माझा सगळा हिशेब कोलमडला. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “ताई, साडेआठनंतर मी हाताने चालवतो. ज्या बाजूची रांग लांब, तिला जास्त सोडायचं. यंत्राला रांग कुठे दिसते?” म्हणजे माझी सगळी गणितं साडेआठच्या आतली. त्यानंतर पलीकडचा सिग्नल कधी उघडेल हे फक्त त्यांना ठाऊक. ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी एवढं करावं: एकाच सिग्नलचा फेरा सलग तीन वेळा मोजावा. तिन्ही आकडे सारखे आले तर हिशेबाला अर्थ आहे. दहा-पंधरा सेकंदांनी इकडेतिकडे होत असतील तर तिथे हात किंवा वेगळी यंत्रणा काम करते आहे, आणि मग सरासरीचे ३८ सेकंदच धरून चालावं. कुठलाही आकडा कायमचा मात्र नाही. मेट्रोच्या नाहीतर ड्रेनेजच्या कामाला एखादी लेन बंद झाली की फेरे बदलतात.

जानेवारीत जे घडलं ते सांगितलं पाहिजे, कारण या हिशेबाचा मोह कुठे नेतो ते त्यात आहे. पलीकडचा सिग्नल गाठायचा म्हणून मी त्या दिवशी जोर लावला होता आणि २५३व्या सेकंदाला झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवला. रस्ता अठरा मीटर रुंद. माझ्या वेगाने तो पार करायला सात सेकंद लागतात. मी मध्यावर पोचायच्या आतच सिग्नल बदलला आणि डावीकडे वळणारी एक मोटारसायकल माझ्या सॅकला घासून गेली. मी दुभाजकाच्या कडेला पडले. मनगट खरचटलं, डबा उघडून भाजी रस्त्यावर सांडली. मोटारसायकलवाला मुलगा थांबला, त्याने हात धरून उठवलं. त्याचा सिग्नल हिरवा होता, चूक माझी होती. त्या दिवसापासून शेवटच्या आठ सेकंदांत मी रस्त्यात उतरत नाही. उघडण्याचा क्षण मला पाठ आहे, आणि सेकंद मोजणारी पाटी असेल तिथे ती बघते. पाटी बंद असेल तर उघडा सिग्नल पाहिला तरी पुढच्या फेऱ्याची वाट पाहते.

या नियमाची किंमतही काढली. १३० सेकंदांच्या फेऱ्यात माझ्यासाठी उघडा काळ ३० वरून २२ वर आला, बंद १०० वरून १०८ वर. सरासरी थांबणं ३८ वरून ४५ सेकंदांवर गेलं. एका सिग्नलला सहा-सात सेकंद, आठ सिग्नलांना पाऊण मिनिटापेक्षा थोडं जास्त. एवढी किंमत मी आनंदाने देते. पलीकडच्या सिग्नलपुरतं आता २४७व्या सेकंदाच्या आत पोचावं लागतं, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ५२ सेकंद. ते मला रोज जमत नाही. ज्या दिवशी पाय जड असतात त्या दिवशी मी अलीकडूनच ठरवते आणि सव्वाआठच्या गतीने सावकाश जाते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पळण्याने वाचला नाही, रस्ता कुठे ओलांडायचा ते मोकळं ठेवल्याने वाचला. मला कर्वे रस्ता एकदा तरी ओलांडायचाच असतो, कारण घर एका बाजूला आणि पुढचा सोयीचा फुटपाथ दुसऱ्या. आधी मी तो रोज एकाच चौकात ओलांडत होते. आता सरळ जाते, आणि ज्या चौकात मला सरळ जायला बंद पण आडवं ओलांडायला उघडं मिळेल तिथे ओलांडते. चौकात एक बाजू बंद असते तेव्हा बहुधा दुसरी उघडी असते. असे तीन चौक वाटेत येतात, त्यामुळे आडव्या ओलांडणीला जवळजवळ थांबावंच लागत नाही. वहीत ही एकटी गोष्ट ४० सेकंदांची आहे, आणि तिच्यासाठी एक पाऊलही जलद टाकावं लागलं नाही.

मग सिग्नलच नसलेला रस्ता का घेत नाही, असं ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं. तसा रस्ता आहे. म्हात्रे पुलापाशी उतरून नदीपात्रातल्या रस्त्याने भिडे पुलापर्यंत जाता येतं. एकूण अंतर ७ किलोमीटर, म्हणजे ८०० मीटर जास्त. फेब्रुवारीत दहा फेऱ्या तिकडून केल्या. थांबणं सरासरी १ मिनिट १० सेकंदांवर आलं. मला वाटलं होतं सव्वासहाची गती कायम राहील, पण ती ६ मिनिटं २२ सेकंदांवर घसरली. हे मला नवीन होतं. कर्वे रस्त्यावर दर सातआठशे मीटरला मिळणारा तो खोळंबा म्हणजे विश्रांतीही होती. माझी सव्वासहाची गती त्या विश्रांतीवर उभी होती. न थांबता पळताना माझी खरी गती समोर आली.

वेळ झाली ४५ मिनिटं ४४ सेकंद. निव्वळ वेग ताशी ९.२ किलोमीटर. कागदावर केवढी प्रगती! पण हजेरीच्या यंत्राच्या दृष्टीने मी फक्त २१ सेकंद आधी पोचले होते, कारण वेग वाढला तो जादा अंतरावर खर्च झाला. म्हणून दोन वेगळ्या वाटांची तुलना करताना मी आता दोन्हीकडे कमीत कमी अंतरच धरते. ६.२ किलोमीटर भागिले नदीकाठची वेळ, म्हणजे ताशी ८.१३. कर्वे रस्त्याने ८.०७. फरक नसल्यासारखाच.

तरीही तो रस्ता मला दुसऱ्या कारणाने हवासा वाटला. कर्वे रस्त्याच्या वीस फेऱ्यांत सगळ्यात जलद ४२ मिनिटं आणि सगळ्यात संथ ५० मिनिटं होती. नदीपात्रातून सगळ्या दहा फेऱ्या ४४ मिनिटं ५० सेकंद ते ४६ मिनिटं ४० सेकंदांच्या आत. नऊची बैठक असेल तर मला सरासरीने निघता येत नाही, सगळ्यात वाईट दिवस धरून निघावं लागतं. बैठकीआधी तोंडहात धुऊन कपडे बदलायला दहा मिनिटं धरली तर कर्वे रस्त्याने आठला निघावं लागतं, नदीपात्रातून आठ वाजून तीन मिनिटांनी. सकाळच्या त्या तीन मिनिटांत मुलाच्या दप्तरात राहिलेली वही सापडते.

बदललेल्या सवयींनंतर मार्चपासून पुन्हा वीस फेऱ्या मोजल्या, साडेआठच्या आत चौक ओलांडले जातील अशा बेताने, पावणेआठला निघून. सिग्नलचं थांबणं ५ मिनिटं २० सेकंदांवरून ३ मिनिटं ५० सेकंदांवर आलं होतं. बाकीचं जवळजवळ तेवढंच. पळण्याची गती किंचित कमीच, ६ मिनिटं १८ सेकंद, कारण काही पट्ट्यांत मी मुद्दाम सावकाश जात होते. एकूण ४४ मिनिटं ५४ सेकंद, ताशी ८.३ किलोमीटर. पाय थोडे हळू, पोचणं थोडं लवकर.

जूनच्या शेवटापर्यंत दोन्ही वाटा चालू होत्या. मग खडकवासल्याचा विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि नदीपात्रातला रस्ता बंद झाला. पावसात कर्वे रस्त्यावरचे हवालदार आठलाच येतात आणि सिग्नल हातात घेतात. जुलैचे आकडे अजून वहीत भरते आहे. पहिल्या सहा फेऱ्यांची सरासरी ४७ मिनिटं १० सेकंद आहे, आणि अलीकडच्या सिग्नलला मी पुन्हा स्टॉपवॉच घेऊन उभी राहायला लागले आहे.